रात्रीची गाडी आणि सकाळी सुटणारी खोली: नाशिकमधला शेवटचा दिवस

प्रश्न: एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण तीन दिवसांसाठी नाशिकला येतो आहोत. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. शालिमारजवळच्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या आहेत. शेवटच्या दिवशी त्या सकाळी दहाला सोडायच्या आहेत आणि नागपूरची गाडी नाशिकरोडहून रात्री दहाच्या सुमारास आहे. चार मोठ्या बॅगा आहेत, सासऱ्यांचे गुडघे दुखतात. मधले बारा तास फार न दमता कसे घालवावेत? त्या दिवशी त्र्यंबकेश्वर करून घ्यावे का?

उत्तर: त्र्यंबकेश्वर त्या दिवशी ठेवू नका, आणि दोन खोल्यांपैकी एक खोली दुपारी साडेचारपर्यंत हाती ठेवा. या दोन गोष्टी ठरल्या की उरलेला दिवस जवळजवळ आपोआप बसतो. त्या ठरल्या नाहीत, तर कितीही चांगली ठिकाणे यादीत घातली तरी संध्याकाळी घरची मंडळी थकून फलाटावर बसलेली असतील. बाहेरगावच्या कुटुंबांच्या नाशिक सहली आखून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे दोन्हींची कारणे जरा सविस्तर सांगतो.

शेवटच्या दिवशी माणसे दमतात ती फिरण्याने कमी आणि खोली नसल्याने जास्त. पहिल्या दोन दिवसांत तुम्ही तेवढेच चालता, तेवढेच ऊन सोसता, पण मध्ये कुठेतरी परतायला जागा असते. तिथे पाय लांब करता येतात, घामेजलेले कपडे बदलता येतात आणि मुख्य म्हणजे स्वच्छ शौचालय असते. शेवटच्या दिवशी हे सगळे सकाळी दहालाच संपते. त्याचा पहिला परिणाम वयस्कर माणसांच्या पाणी पिण्यावर होतो. बाहेर सोय मिळेल की नाही या धास्तीने ते, विशेषतः बायका, पाणी पिणेच टाळतात, आणि कोणाला ते सांगतही नाहीत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकचे दुपारचे तापमान अडतीस-एकोणचाळीस अंशांच्या आसपास असते. अशा उन्हात सकाळपासून दोन-तीन पेलेच पाणी पोटात गेले असेल, तर चारच्या सुमाराला डोके धरते, तोंड कोरडे पडते, जेवण नको वाटते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला उठताना चक्कर येते. "आईंना गर्दीचा त्रास झाला" असे नंतर म्हटले जाते, पण मूळ कारण बहुतेक वेळा हे असते. म्हणून सासूबाईंनी सकाळपासून किती वेळा पाणी घेतले याकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या. बाटली नुसती पुढे केली तर "नको" हेच उत्तर येईल, तेव्हा शौचालय कुठे आहे ते आधी सांगा आणि मग पाणी द्या.

आता खोलीविषयी. हॉटेलकडे ही विचारणा शेवटच्या सकाळी करू नका. त्या वेळी पुढचे पाहुणे ठरलेले असतात आणि सफाईची माणसे दारात उभी असतात. आजच दूरध्वनी करून तीन गोष्टी विचारा. त्यांचा हिशेब ठरलेल्या वेळेचा आहे की चोवीस तासांचा, हे आधी. नाशिकमधल्या अनेक लॉजमध्ये आणि भक्तनिवासांत चोवीस तासांची पद्धत असते. तशी असेल, तर पहिल्या दिवशी तुम्ही दुपारी चारला खोली घेतली की शेवटच्या दिवशी चारपर्यंत ती तुमचीच असते आणि प्रश्न फुकटात सुटतो. तुम्हाला दहाची वेळ सांगितली आहे, म्हणजे बहुधा तसे नाही, तरी स्पष्ट विचारून घ्या. दुसरे म्हणजे एकच खोली साडेचारपर्यंत ठेवली तर अर्ध्या दिवसाचे भाडे घेतील का. तिसरे म्हणजे हे ठरले, तर बुकिंगवर तसे लिहून पाठवतील का. तोंडी "बघू, करू" यावर सोडू नका, कारण तुम्ही बोललेला माणूस त्या दिवशी पाळीवर नसतो.

दोन्ही खोल्या ठेवायची गरज नाही. दुपारी दोघे वडीलधारे पलंगावर आडवे होतील, मुलगा खाली चादरीवर झोपेल किंवा खेळेल, आणि तुम्ही दोघे पाळीपाळीने अंघोळ आणि बांधाबांध उरकाल. एका खोलीत पाच माणसांचे सहा तास सहज निघतात. अर्ध्या दिवसाचे भाडे जास्त वाटले, तर पर्यायाच्या खर्चाशी ते ताडून पाहा. बहुतेक कुटुंबे खोली सोडतात आणि "आठ तास, ऐंशी किलोमीटर" या हिशेबाची गाडी दिवसभरासाठी घेतात, म्हणजे सामानही गाडीत राहते आणि फिरणेही होते. प्रत्यक्षात ती गाडी दिवसाचा मोठा भाग कुठल्यातरी वाहनतळावर तापत उभी असते. पंचवटीत ती मंदिरांपर्यंत येत नाही, डिकीत सामान असल्याने कोणाचे मन निवांत नसते, आणि पैसे दिले आहेत म्हणून भर दुपारी उगाच आणखी एखादे ठिकाण पाहिले जाते. तेच पैसे खोलीला द्या आणि जाण्या-येण्यापुरतेच वाहन घ्या.

हॉटेलने नकार दिला, तर दोन मार्ग उरतात. नाशिकरोड स्थानकाची रिटायरिंग रूम कन्फर्म तिकिटावर रेल्वेच्या संकेतस्थळावरून घेता येते, पण खोल्या मोजक्या असल्याने ती लवकर पाहावी लागते. नाहीतर स्थानकाच्या परिसरातल्या लॉजमध्ये दिवसापुरती खोली घ्यावी. हा दुसरा मार्ग मला पहिल्या दिवशीच पाहून ठेवण्यासारखा वाटतो. तुम्ही गाडीने नाशिकरोडलाच उतरणार आहात, तेव्हा सामान घेऊन निघण्याआधी एकाने दहा मिनिटे काढून जवळच्या एखाद्या लॉजची खोली आणि जिना पाहून यावे. सासऱ्यांच्या गुडघ्यांमुळे तळमजला किंवा लिफ्ट हवी, आणि ही गोष्ट दूरध्वनीवर नीट कळत नाही. त्याच वेळी स्थानकावरचे सामानघर, म्हणजे क्लोकरूम, कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत चालते, हेही विचारून घ्या.

त्र्यंबकेश्वर का नको, तर ते शहराच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर आहे आणि नाशिकरोड स्थानक शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर आग्नेयेला. म्हणजे शेवटच्या दिवशी तुम्ही आधी गाडीच्या उलट दिशेला जाता आणि मग सगळे शहर ओलांडून परत येता. अंतरापेक्षाही मोठी अडचण दर्शनाच्या रांगेची आहे. ती कधी तासाभरात सरकते, तर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी किंवा एखाद्या विधीच्या मुहूर्तावर कितीतरी तास लागतात, आणि रांगेत शिरल्यावर वयस्कर माणसांना घेऊन मधूनच बाहेर पडणे अवघड होते. ज्या कामाला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नाही, ते गाडीच्या दिवशी ठेवू नये. त्र्यंबकेश्वर दुसऱ्या दिवशी पहाटे निघून करा. गंगापूर धरण, तिकडच्या द्राक्षबागा आणि वायनरी याही त्याच बाजूला आहेत, त्यामुळे वाटल्यास त्या परतीच्या वाटेवर त्याच दिवशी जोडता येतील.

पांडवलेणीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण शेवटच्या दिवशी "अर्ध्या दिवसात होते" म्हणून ती हमखास सुचवली जाते, म्हणून लिहितो. लेणी अतिशय पाहण्यासारखी आहेत. तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख सातवाहनांचा इतिहास सांगणारा फार मोलाचा लेख आहे, आणि माझे मन विचाराल तर इतिहासाची आवड असलेल्याने ती चुकवूच नयेत. परंतु वर जायला दोनशेहून अधिक पायऱ्यांची चढण आहे आणि एप्रिलमध्ये नऊनंतर वाटेवरचा दगड तापू लागतो. सासऱ्यांना ती जमणार नाही. तुम्हा दोघांना मुलाला घेऊन जायचे असेल, तर पहिल्या दिवशी सकाळी सातला जा आणि येऊन अंघोळ करा.

आता शेवटचा दिवस मागून पुढे मोजू. गाडी रात्री दहाला धरली, तर सव्वानऊला सामानासह फलाटावर असावे. त्याआधी सामानघरातून बॅगा घ्यायच्या आहेत, म्हणून पावणेनऊला स्थानकात शिरावे. त्याआधी जेवण, आणि ते नाशिकरोडलाच, साडेसात ते साडेआठ. जेवणाआधी दीड तास नाशिकरोडचे मुक्तिधाम मंदिर. याचा अर्थ तुम्ही नाशिकरोडला संध्याकाळी साडेपाचपर्यंत पोहोचलेले असावे आणि शालिमारहून साडेचार-पावणेपाचला निघावे. हे फार लवकर वाटेल, पण त्यामागे कारण आहे. शहरातून नाशिकरोडला जाण्याचा नेहमीचा रस्ता द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागतो, आणि द्वारकेला सहानंतर मुंबई-आग्रा रस्त्याची, पुणे रस्त्याची आणि कार्यालयांतून सुटलेली अशी तिन्ही वाहतूक एकत्र येते. दुपारी पंचवीस-तीस मिनिटांत होणारे अंतर त्या वेळी तासावर जाऊ शकते. रात्रीच्या गाडीसाठी साडेसातला हॉटेलातून निघणारे लोक ही गर्दी नेमकी अंगावर घेतात, आणि मग जेवण राहते किंवा फलाटावर धावपळ होते. गर्दीच्या आधीच स्थानकाच्या बाजूला जाऊन पडलात की गाडी चुकण्याची भीती संध्याकाळी साडेपाचलाच संपते.

सकाळ पंचवटीला द्या. सगळे सामान एका खोलीत आणून दुसरी रिकामी करून द्या आणि नाश्ता न करता, नुसता चहा घेऊन साडेसहाला निघा. शालिमारहून रिक्षाने रामकुंडावर पोहोचायला फार वेळ लागत नाही, आणि त्या वेळी घाटावर ऊन नसते. शेवटच्या दिवशी रामकुंडात स्नान मात्र करू नका. ओली साडी, ओले धोतर आणि मुलाचे कपडे एवढ्या वेळात वाळत नाहीत, आणि ते पिशवीत कोंबून बॅगेत गेले की नागपूरला बॅग उघडेपर्यंत सगळ्या कपड्यांना कुबट वास लागतो. स्नान करायचेच असेल, तर पहिल्या दिवशी सकाळी करा. घाटावरून कपालेश्वर वर पायऱ्यांवर आहे. इथे महादेवासमोर नंदी नाही, ही त्याची खूण. सासऱ्यांना पायऱ्या नको असतील, तर त्यांनी सासूबाईंसोबत खाली घाटावर बसावे आणि तुम्ही वर जाऊन यावे.

तिथून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण वाट थोडी चढाची आहे, म्हणून वडीलधाऱ्यांना रिक्षा करून द्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेले हे काळ्या पाषाणाचे मंदिर आहे. याच मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, हे आठ वर्षांच्या मुलाला तिथेच उभे राहून सांगावे, त्याच्या लक्षात राहते. मंदिराला मोठे फरसबंद आवार आहे आणि भोवती ओवऱ्या आहेत. ओवरीत अर्धा तास नुसते बसणे हा त्या सकाळचा मुख्य कार्यक्रम समजा. सकाळी आठला फरशी पायाला थंड लागते, पण अकरानंतर तीच अनवाणी पायांना सोसवत नाही, आणि तेव्हा लोक सावलीच्या पट्ट्यांवरून पळत जाताना दिसतात. सीतागुंफा जवळच आहे, मात्र आतली वाट अरुंद आणि ठेंगणी आहे, वाकून आणि बसत सरकावे लागते. गुडघेदुखी असलेल्याने आत जाऊ नये. मुलाला ती आवडेल. तुमच्यापैकी एकाने त्याला घेऊन जावे.

साडेनऊला नाश्ता करा. नाशिकला आल्यावर मिसळ खाणारच, पण रात्री गाडीत झोपायचे आहे हे ध्यानात ठेवून मिसळ सकाळीच खा आणि तर्री वेगळी मागा, म्हणजे ज्याला जेवढी सोसते तेवढीच ती घेतली जाईल. सोबत दही मागवा. दुपारचे जेवण त्यामुळे हलके, वरण-भात किंवा दहीभात एवढेच पुरते. साडेदहापर्यंत हॉटेलात परत या आणि ठेवलेल्या खोलीत सगळे जमा व्हा. इथून साडेचारपर्यंत बाहेर काहीही ठेवू नका. तुमच्या मनात येईल की सहा तास वाया चालले. ते वाया जात नाहीत. अकरा ते चार या वेळात नाशिकमध्ये उन्हात केलेले काहीही वडीलधाऱ्यांना रात्रीच्या प्रवासात भोवते. एकाला खरेदीला जायचे असेल तर जाऊ द्या, सगळ्यांनी मिळून जाऊ नका. भांडीबाजारातले तांब्या-पितळेचे जड सामान मात्र आदल्या संध्याकाळीच घ्या, म्हणजे ते बॅगेत तळाशी बसवता येते. चिवड्याची पाकिटे शेवटी घ्या आणि हातातल्या पिशवीत वर ठेवा, मोठ्या बॅगेत त्यांचा चुरा होतो.

बांधाबांध आदल्या रात्री करा आणि एक लहान पिशवी वेगळी काढा. तिच्यात प्रत्येकाचा रात्रीच्या प्रवासाचा एक जोड, एक पंचा, संध्याकाळची आणि रात्रीची औषधे, चार्जर, तिकिटे, ओळखपत्रे आणि पाणी असू द्या. दुपारी अंघोळ करून सगळ्यांनी तेच प्रवासाचे कपडे घालायचे. मग मोठ्या बॅगा साडेदहाला बंद झाल्या की नागपूरपर्यंत उघडाव्या लागत नाहीत. सासऱ्यांची औषधे मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका. सामानघरात ठेवलेली बॅग फक्त एका गोळीसाठी सोडवून आणताना फार त्रास होतो.

साडेचारच्या वाहनाबाबत एक बारीक गोष्ट नक्की सांगायला हवी. साध्या टॅक्सीत चौघे प्रवासी धरतात, आणि सीएनजीवरच्या गाड्यांत डिकीची अर्धी जागा टाकीने व्यापलेली असते. पाच माणसे आणि चार मोठ्या बॅगा तिच्यात मावत नाहीत, आणि हे दारात गाडी आल्यावर कळते. वर कॅरियर असलेली सहा-सात आसनी गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा, किंवा दोन रिक्षा करा आणि प्रत्येकीत एक मोठा माणूस सामानाबरोबर बसेल असे पाहा.

नाशिकरोडला आधी स्थानकावर जा आणि बॅगा सामानघरात ठेवा. रेल्वेच्या सामानघरात कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, त्यामुळे चार लहान कुलपे घरूनच आणा. तिकीट दाखवावे लागते आणि पावती मिळते. ती पावती नवऱ्याच्या पाकिटात ठेवा आणि तिचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या. सामानघर बंद असेल किंवा फार गर्दी असेल, तर दिवसापुरत्या खोलीसाठी पाहिलेल्या लॉजमध्ये दोन-तीन तास बॅगा ठेवून देतील का ते विचारा. थोडे पैसे घेऊन बहुतेक जण ठेवतात.

सहाला मुक्तिधामला जा. ते स्थानकापासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर आहे, म्हणून गाडीच्या दिवसासाठी याहून सोयीचे ठिकाण नाशिकमध्ये दुसरे नाही. पांढऱ्या संगमरवराचे मंदिर, भिंतींवर कोरलेले गीतेचे अठरा अध्याय, आणि बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. मुलाला त्या बारांची नावे वाचत शोधायला सांगा, त्याचा अर्धा तास छान जातो. सासऱ्यांना बसायला जागा असते, आणि उन्हे उतरल्यामुळे फरशी तापलेली नसते. साडेसातला तिथून निघून बिटको चौकाच्या परिसरात जेवा. साधे, गरम आणि समोर केलेले जेवण घ्या, मलईदार भाज्या टाळा. जेवणानंतरच्या गोळ्या तिथेच देऊन टाका.

शेवटचा मुद्दा गाडीचा. नाशिकरोड हे मधले स्थानक आहे, गाडी इथे काही मिनिटेच थांबते. त्यामुळे तुमचा डबा फलाटावर कुठे लागतो, ते फलकावर पाहून वडीलधाऱ्यांना तिथेच बाकावर बसवा. गाडी आल्यावर गुडघेदुखीच्या माणसाला आठ डबे चालवणे जमत नाही. आधी मुलासह एक मोठा माणूस चढेल, मग सासूबाई, मग सासरे, आणि बॅगा सर्वांत शेवटी नवरा वर देईल, हा क्रम आधीच बोलून ठेवा. मुंबईहून येणाऱ्या गाड्या कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला येतात, आणि उशीर व्हायचा तो पुष्कळदा तिथपर्यंतच झालेला असतो. इगतपुरी ते नाशिकरोड हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटरचे आहे आणि त्याला साधारण पाऊण तास लागतो. म्हणून संध्याकाळी सातपासून मोबाईलवर किंवा १३९ क्रमांकावर गाडीची स्थिती पाहत राहा. गाडी दोन तास उशिरा असेल, तरी जेवणाची वेळ पुढे ढकलू नका. जेवण वेळेवर उरका आणि प्रतीक्षालयात बसा. मुलगा झोपला तर झोपू द्या. गाडी इगतपुरी सोडते आहे असे दिसले की सामानघरातून बॅगा आणायला एकाने उठावे आणि बाकीच्यांनी शौचालयाला जाऊन यावे.